पंचेचाळीस डॉलरचा 'वीतरागः'

माझ्या मावसबहिणीच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, वर्षभर एक चुकीचा शब्द होता. पैसे तिचे गेले, पण तो शब्द पास केला होता मी. म्हणून हे लिहितेय.

ती मेलबर्नला असते. आमच्या आजोळचा राग प्रसिद्ध आहे. ताट भिरकावणारे आजोबा, त्यांच्यावर गेलेले मामा आणि मामांवर गेलेली ही. दोन-अडीच वर्षं खटपट करून तिने स्वतःला बरंच आवरलं आणि त्याची खूण म्हणून हातावर संस्कृतात काहीतरी कोरून घ्यायचं ठरवलं. अर्थ 'फ्री फ्रॉम अँगर' असाच हवा होता, कारण तिकडे हातावर देवनागरी दिसली की ऑफिसातला प्रत्येक जण अर्थ विचारतो.

हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एका साइटवर तिला 'संस्कृत टॅटू भाषांतर' करून देणारा विक्रेता सापडला. पंचेचाळीस डॉलर. अडीचशेच्या वर परीक्षणं, जवळजवळ सगळी पाच ताऱ्यांची. दोन दिवसांत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं. त्यावर 'वीतरागः', खाली इंग्रजीत अर्थ 'फ्री फ्रॉम अँगर' आणि त्याखाली 'भगवद्गीता २.५६'.

तिने मला फोटो पाठवला. "ताई, तुला दहावीला संस्कृत होतं ना? बघ ना एकदा." मी भाजी निवडत होते. वीत म्हणजे गेलेला, राग म्हणजे राग. 'एकदम बरोबर' असं टाइप करून अंगठा पाठवला. त्या शनिवारी तिने ते कोरून घेतलं.

वर्षभराने ती पुण्याला आली, तेव्हा आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना भेटायला गेलो. बाईंनी तिचा हात धरून चष्मा वर केला आणि विचारलं, "हा कोण ग? आणि याने दीक्षा कधी घेतली?"

त्या एका प्रश्नाने टॅटूतल्या दोन चुका दाखवल्या. विसर्गामुळे शब्द पुल्लिंगी झाला होता, म्हणजे तो बहिणीबद्दल बोलतच नव्हता. स्त्रीसाठी 'वीतरागा' हवं होतं. पण ती धाकटी चूक. थोरली अशी की संस्कृतातल्या या 'राग'चा अर्थ आपला राग नव्हे. मूळ धातू रञ्ज्, रंगणे. त्यापासूनच रंग आणि त्यापासूनच राग. मन एखाद्यात रंगलं, गुंतलं की तो राग, म्हणजे प्रेम, ओढ, आसक्ती. अनुराग शब्दात तो आपण आजही वापरतो. वीतराग म्हणजे ज्याची आसक्ती संपली तो, विरक्त. जैन परंपरेत तीर्थंकरांना वीतराग म्हणतात. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली माझी बहीण हातावर 'माझं कशात मन उरलं नाही' असं मिरवत होती, तेही पुरुष होऊन. तिच्या नवऱ्याला हे कळल्यावर तो जितका हसला तितकी ती हसली नाही.

बाईंनी गीता काढून २.५६ उघडला. 'वीतरागभयक्रोधः स्थितधीर्मुनिरुच्यते.' शब्द सलग आहे: आसक्ती, भय आणि क्रोध तिन्ही गेलेला. विक्रेत्याने या समासाचं शेपूट तोडलं होतं आणि रागासाठी असलेला 'क्रोध' नेमका त्या शेपटीबरोबर गेला होता. मी तेव्हा श्लोक नुसता उघडला असता तरी पुरे होतं. राग म्हणजेच क्रोध असता तर एकाच शब्दात दोन्ही कशाला असते? पण प्रमाणपत्रावर अध्याय-श्लोकाचा आकडा होता, आणि आकडा दिसला की तो कुणीतरी पाहिला असेल असं आपण धरून चालतो.

माझा अंदाज असा की तो विक्रेता मराठीच असावा. 'राग'चा अर्थ सरळ क्रोध असा आपल्यालाच सुचतो, हिंदीवाल्याला नाही. आपलं संस्कृत असं दगा देतं: शब्द ओळखीचा असतो आणि अर्थ वाटेत बदललेला असतो. 'शिक्षा' संस्कृतात शिकणं आहे, छडी नाही. 'चेष्टा' म्हणजे हालचाल, प्रयत्न, टिंगल नाही. संस्कृत अजिबात न येणाऱ्याने निदान कोश उघडला असता. मी उघडला नाही, कारण मला 'येत होतं'.

आम्ही विक्रेत्याला लिहिलं. आधी म्हणाला, कोशात बघा, शब्दाला अनेक अर्थ असतात. मग म्हणाला, वीस डॉलर जादा भरा, 'ज्येष्ठ पंडितांकडून फेरतपासणी' करून देतो. शेवटी, ऑर्डरप्रमाणे बनवलेल्या मालाचे पैसे परत मिळत नाहीत. मग बहिणीने ती परीक्षणं नीट वाचली. 'सुंदर अक्षर', 'लवकर मिळालं', 'पॅकिंग छान'. संस्कृत वाचता येतं असं त्यात एकाच्याही लिहिण्यावरून वाटत नव्हतं. येत असतं तर त्याने विकत कशाला घेतलं असतं?

कोशाचं त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि चलाखी तिथेच होती. 'राग' एकटा शोधला तर अर्थांची रांग लागते आणि हवा तो उचलता येतो. पण 'वीतराग' हा जोडशब्द कोशात स्वतंत्र दिलेला आहे. आपट्यांचा किंवा मोनियर-विल्यम्सचा कोश नेटवर फुकट बघता येतो. जोडशब्द अख्खा शोधायचा, तुकडे करून नाही.

बाईंची तपासायची पद्धत मला फार पटली. फक्त संस्कृत पुढे ठेवायचं, इंग्रजी अर्थ झाकायचा आणि विचारायचं, 'याचा अर्थ काय?' मी बहिणीचा फोटो अर्थासकट पाहिला होता, त्यामुळे मी वाचलं नाही, नुसती मान डोलावली. बाईंनी अर्थ न बघता वाचलं आणि त्यांना संन्यासी दिसला. असं दोघांना वेगवेगळं विचारावं, आणि त्यातला एक जण तरी भाषांतर विकणारा नसावा.

"मला आधी विचारलं असतंस तर 'वीतमन्युः' दिलं असतं," बाई म्हणाल्या. कठोपनिषदात नचिकेत यमाकडे पहिला वर मागतो तो बापाचा राग जावा म्हणून, तिथला हा शब्द. मन्यू म्हणजे खराखुरा क्रोध, आणि हे रूप बाई-पुरुष दोघांना चालतं. आमच्या आजोळाला तर फारच शोभलं असतं. पण हात आधीच रंगला होता.

पुसून टाकायला लेझरच्या बऱ्याच खेपा लागल्या असत्या. म्हणून तोडलेलं शेपूट परत जोडायचं ठरलं: 'वीतरागभयक्रोधा'. आसक्ती गेल्याचं तसंच राहतं, पण निदान क्रोधही जातो. विसर्गाचे दोन ठिपके 'भ'च्या गाठींत जिरवता येतील असं टॅटूवाला म्हणाला. बाईंनी बजावलं की हेच अक्षररूप गीतेत ४.१० मध्येही दिसेल, पण ते तिचं नव्हे. तिथे ते पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि पुढे 'म' आल्यामुळे विसर्ग गळलाय. म्हणजे कुणी 'गीतेत स्त्रीलिंगी आहे' म्हणून दाखवलं तर तोही ठकच.

टॅटूवाल्याने नवा स्टेन्सिल पाठवला. मी अर्थ न सांगता तेवढं चित्रच बाईंना पाठवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: "क्रो मोडलाय." त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर सुटून 'क्' पाय मोडून वेगळा आणि 'रो' वेगळा पडला होता, आणि माझ्या नजरेतून ते पुन्हा निसटलं होतं. मी घरी टाइप करून अक्षरांचं चित्र करून पाठवलं आणि त्यावरूनच गिरवायला सांगितलं.

पंचेचाळीस डॉलर अजून आलेले नाहीत. दुकान मात्र चालू आहे.