दहा महिने, चार पद्धती आणि एक काळी बाटली: यूव्ही प्युरिफायरचा अनुभव

आम्ही सिंहगड रस्त्याला, धायरीच्या बाजूला राहतो. घरात चार माणसं: मी, नवरा, सासूबाई आणि नववीतली मुलगी. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि त्यातल्या अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटात जाणारा जिवाणू सापडला, तेव्हापासून पाण्याबद्दल आमच्याकडे कुणी बेफिकीर राहिलेलं नाही. तोवर आम्ही नळाचं पाणी नुसतं फडक्याने गाळून पीत होतो. त्यानंतरच्या दहा महिन्यांत उकळणं, क्लोरीनच्या गोळ्या, सासूबाईंचा जुना कँडल फिल्टर आणि मे महिन्यात घेतलेला यूव्ही प्युरिफायर हे सगळं वापरून झालं. नवीन यंत्र घेणाऱ्याला कुणी सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट मला जुलैत कळली, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमचं पाणी कसं आहे ते सांगते. सोसायटीत कॉर्पोरेशनचं पाणी येतं, पण ते पुरत नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा टँकर येतो. दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. कॉर्पोरेशनचं पाणी मऊ आहे, माझ्या टीडीएस मीटरवर ते ९० च्या आसपास येतं. टँकरचं पाणी बोअरचं असतं, त्याचा आकडा एकदा ६४० आला होता. हा आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा असतो. ९० आकड्याच्या पाण्यात कावीळ असू शकते आणि ६४० चं पाणी जंतूंच्या बाबतीत स्वच्छ असू शकतं. दारावर येणारे विक्रेते मीटर बुडवून आकडा दाखवतात आणि माणूस घाबरतो, पण आजारपणाशी त्या आकड्याचा संबंध नाही.

जानेवारी ते मार्च आम्ही पाणी उकळलं. जंतूंच्या बाबतीत माझा सगळ्यात जास्त विश्वास अजूनही उकळण्यावरच आहे. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्याने काही बिघडत नाही. जिवाणू, विषाणू, आणि क्लोरीनला दाद न देणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीसुद्धा त्यात मरतात. मागे राहतात ते क्षार आणि रसायनं. टँकरच्या दिवशी पातेल्याला पांढरा थर धरायचा. पाण्यातल्या कॅल्शियमचा काही भाग असा खाली बसतो, तेवढा जडपणा कमी होतो. पण नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर ते जात नाही, उलट वाफ निघून गेल्याने किंचित दाट होतं. खर्च मात्र जाणवतो. रोज दहा लिटर उकळायला झाकण ठेवूनही शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस लागतो. आमचं पंचेचाळीस दिवस चालणारं सिलिंडर चौतिसाव्या दिवशी संपलं. शिवाय ते पाणी गार होईपर्यंत वाट पाहायची, आणि गार झाल्यावर त्याला कुणाचंच संरक्षण नसतं. या शेवटच्या मुद्द्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

एप्रिलमध्ये क्लोरीनच्या गोळ्या आणल्या. आमच्या पाकिटावर एका गोळीला वीस लिटर स्वच्छ पाणी असं प्रमाण होतं, आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. त्यातलं 'स्वच्छ' हे महत्त्वाचं. गढूळ पाण्यातली माती आणि कुजलेलं सेंद्रिय क्लोरीन खाऊन टाकतं, जंतूंसाठी काही उरत नाही. ते कळण्याची सोपी खूण म्हणजे ओटी टेस्ट. टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकल्यावर आरोग्य कर्मचारी करतात तीच. छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नळीतलं ते पाणी फेकून द्यायचं, पिण्याच्या भांड्यात परत ओतायचं नाही. कॉर्पोरेशनच्या पाण्यात एका गोळीने छान पिवळा रंग यायचा. टँकरच्या गढूळ पाण्यात अर्ध्या तासानंतर काहीच नाही, नळी पांढरीच. ते पाणी फडक्याने गाळून, रात्रभर निवळून, वरचं पाणी काढून घेतलं आणि मग गोळी टाकली, तेव्हा रंग आला. वास मात्र येतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चहाला हौदाची चव लागतेय." पाणी दोन-तीन तास ठेवलं की वास बराच कमी होतो.

कँडल फिल्टर त्यांच्याच माहेरचा, स्टीलचा, वरच्या भांड्यात दोन पांढऱ्या कँडल. गाळ, गढूळपणा आणि परजीवींच्या गाठी तो उत्तम अडवतो. जिवाणू किती अडतील ते कँडलच्या छिद्रांवर ठरतं, आणि बाजारातल्या साध्या कँडलवर छिद्रांचा आकार लिहिलेलाच नसतो. विषाणू तर एका मायक्रॉनच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे, ते सरळ पार होतात. कावीळ किंवा नोरोव्हायरससाठी एकटी कँडल पुरत नाही. एक तपासणी मात्र प्रत्येकाने करावी. कँडल पाण्यात पूर्ण भिजवायची, बादलीत बुडवून धरायची आणि तिच्या दांड्याला नळी लावून हलकं फुंकायचं. चांगल्या ओल्या कँडलमधून हवा येत नाही. एका जागेतून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे चीर आहे. आमच्या दोनपैकी एकीला बुडाशी केसासारखी चीर निघाली. डोळ्यांना दिसतही नव्हती, आणि पाणी किती महिने त्या वाटेने जात होतं कोण जाणे.

मे महिन्यात यूव्ही यंत्र घेतलं. आत तीन टप्पे आहेत: गाळ अडवणारी जाळी, मग कार्बन, मग काचेच्या नळीतला दिवा. दिव्याचे २५४ नॅनोमीटरचे किरण जंतूंचं डीएनए बिघडवतात, मग ते वाढू शकत नाहीत. पाण्यात काही मिसळत नाही, चव बदलत नाही, ग्लास अर्ध्या मिनिटात भरतो. पहिले दोन महिने मी खूश होते. उकळणं बंद, गोळ्या बंद. संध्याकाळी यंत्राचं पाणी ओट्यावरच्या पिंपात भरून ठेवायचं, म्हणजे सकाळी वीज गेली तरी अडायला नको.

जुलैत, पावसाच्या जोरात, मुलीचं पोट दोनदा बिघडलं. तेव्हा मी एचटूएसच्या बाटल्या आणल्या. बाटलीत औषध लावलेलं असतं, पाणी भरून उबदार जागी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायची. मैल्याबरोबर येणारे जिवाणू असतील तर पाणी काळं होतं. टँकर आला त्या दिवशी पाच बाटल्या भरल्या: टाकीचं, थेट यंत्राच्या नळाचं, पिंपातलं आदल्या संध्याकाळचं, उकळलेलं आणि कँडलचं.

टाकीचं पाणी दुसऱ्या सकाळीच शाईसारखं काळं. यंत्राचं थेट घेतलेलं दोन दिवस स्वच्छ. उकळलेलंही स्वच्छ. कँडलचं दुसऱ्या दिवशी राखाडी होऊन रात्री काळं. आणि पिंपातलं, जे त्याच यंत्रातून आलं होतं, दुसऱ्या दुपारपर्यंत काळं.

मी आधी यंत्रालाच दोष दिला. सर्व्हिसला आलेल्या दादांनी पिंपात हात घालून आतली कड बोटाने पुसली, बोटाला बुळबुळीत थर लागला. मग ते म्हणाले, "ताई, कॉर्पोरेशनच्या पाण्यात क्लोरीन असतं. आपला कार्बन तो काढून टाकतो, म्हणून तर पाण्याला वास येत नाही. पुढे दिवा जंतू मारतो, पण मागे काही ठेवत नाही. नळातून बाहेर पडल्यावर या पाण्याला राखण नाही." पिंपात आम्ही पेला बुडवून पाणी काढत होतो, मुलगी शाळेतून आल्या आल्या हात न धुता. नळाच्या पाण्यात थोडं तरी क्लोरीन असतं. ते काढून, गाळून, मारून आम्ही पाणी तयार केलं आणि मग ते उघड्यावर सोडलं. पिंप साबणाने घासलं, क्लोरीनचं दाट पाणी अर्धा तास भरून ठेवलं, धुतलं, आणि खाली तोटी असलेलं दुसरं घेईपर्यंत ओगराळ्याने पाणी काढलं. आठवड्याने त्याच पिंपातल्या पाण्याची बाटली दोन दिवस स्वच्छ राहिली. बाटली स्वच्छ राहिली म्हणजे विषाणू नाहीत असं नव्हे, तिची मर्यादा तेवढीच आहे.

यंत्राच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. गढूळ पाण्यात मातीच्या कणाआड जंतू लपतो आणि किरण त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून गाळाची जाळी हे यंत्राचं अर्धं काम आहे. जुलैत आमची जाळी तीन आठवड्यांत तपकिरी झाली आणि धार बारीक झाली. धार बारीक झाली की तेच ओळखायचं, वर्षाच्या सर्व्हिसची वाट पाहायची नाही. दुसरं म्हणजे बोअरच्या क्षारांचा थर दिव्याभोवतीच्या काचेवर बसतो. ऑक्टोबरमध्ये दादांनी नळी काढून दाखवली, दुधाळ झालेली होती. लिंबूसत्वाच्या पाण्यात ठेवल्यावर निघाली. शिवाय दिवा निळा पेटलेला दिसतो म्हणजे किरण पुरेसे आहेत असं नाही. उपयोगाचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते काळाबरोबर कमी होतात, निळा उजेड मात्र तसाच राहतो. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांना यूव्ही हात लावत नाही. टँकरच्या पाण्याची चव यंत्रातूनही तशीच जड लागते.

आता आमचं असं ठरलं आहे. रोजचं पाणी यंत्रातून थेट बाटल्यांत, त्याच दिवशी संपवायचं. सकाळी पहिलं अर्धा मिनिट पाणी सोडून द्यायचं, ते झाडांना, कारण रात्रभर कार्बनमध्ये साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. टँकर आणि पाऊस एकत्र आले की पाणी निवळून, गाळून, यंत्रातून काढून सासूबाईंसाठी आणि मुलीसाठी उकळतो. वीज नसली किंवा साठा करायचाच असला तर गाळलेल्या पाण्यात गोळी, आणि ओटीचा पिवळा रंग पाहिल्याशिवाय ते कुणी प्यायचं नाही. चिरलेली कँडल बदलली, तो फिल्टर आता फक्त पावसाळ्यात गाळ काढायला पहिल्या पायरीवर असतो. दिवा येत्या मे महिन्यात, पेटत असला तरी, बदलायचा आहे. तारीख यंत्राच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे.