स्टिकरवरचा 'आय' आणि माझे सहा हजार

गेल्या डिसेंबरात पुण्यात एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून मी २०१४ ची १५० सीसी बाईक घेतली. टाकीवर DTS-i असं लिहिलेलं होतं. दुकानदार म्हणाला, "दादा, हा आय म्हणजे इंजेक्शन. एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, म्हणून सहा हजार जास्त. चोकसुद्धा लागत नाही, बघा." हँडलवर चोकचा खटका खरंच नव्हता. एक बटण दाबताच गाडी सुरू झाली आणि मी पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. मग आठवलं, दुकानात इंजिनला हात लागला तेव्हा ते गरम होतं. मी यायच्या आधीच त्याने गाडी फिरवून ठेवली होती. इंजिन गरम असेल तर इंजेक्शन नसलेली, साधी कार्ब्युरेटरची गाडीही चोकशिवाय लगेच सुरू होते. खरी परीक्षा रात्रभर थंड झालेल्या गाडीचीच.

पहिल्या मेकॅनिकने कार्ब्युरेटर साफ करून ३०० रुपये घेतले. दोन आठवड्यांत तोच त्रास परतला, पुन्हा ३००, शिवाय नवा प्लग. टाकी फुल ते फुल मोजलं तर २१४ किलोमीटरला साडेसहा लिटर, म्हणजे जेमतेम ३३ चं ॲव्हरेज.

शेवटी आमच्या गल्लीतल्या जुन्या मेकॅनिककाकांनी कार्ब्युरेटर खोलून दाखवला. चोकची केबल तुटलेली होती. ती बदलण्याऐवजी खटकाच काढून टाकला होता आणि चोकशिवाय पेटावी म्हणून स्क्रू फिरवून मिश्रण जाड केलं होतं. आतली सुई आणि तिचा जेट झिजलेला, त्यामुळे चालतानाही पेट्रोल जास्त जात होतं. प्लग काजळीने काळाभोर. काका म्हणाले, "अरे, या आयचा अर्थ इग्निशन. दोन प्लगची ठिणगी. इंजेक्शनचा यात काही संबंध नाही." कंपनीने खोटं लिहिलेलं नाही, दुकानदाराने खोटं वाचून दाखवलं.

नवा कार्ब्युरेटर, चोकची केबल आणि मजुरी मिळून ३,४०० गेले. आता थंडीत चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला गाडी चालू होते आणि ॲव्हरेज ४६ मिळतं. म्हणजे कार्ब्युरेटरची गाडी असणं वाईट नव्हतं. मला राग आहे तो कार्ब्युरेटरच्या गाडीला एफआयचे पैसे घेतल्याचा. खरी जुनी एफआय असती तरी पंप गेल्यावर खर्च याहून मोठा आला असता, हेही काकांनीच सांगितलं.

तुम्ही बघायला जाल तेव्हा टाकीखाली हात घाला. रिझर्व्हचा कॉक लागला तर गाडी बहुतेक कार्ब्युरेटरची. चावी फिरवून, सेल्फ न मारता कान द्या. एफआयमध्ये टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि मीटरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागून विझतो. आणि दुकानदाराला आदल्या दिवशीच सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पोहोचलात की आधी इंजिनाजवळ हात न्या. गरम लागलं तर त्या दिवशी परत फिरा.