फोटोतल्या गुणदान योजनेचा रुब्रिक तक्ता : आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि सगळं रडगाणं अर्ध्या गुणाचं

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा ½ या एकाच चिन्हापायी गेला आहे. हा लेख लांबलाय तोही त्याच्याचमुळे.

साहित्य सगळ्यांच्या ओळखीचं: फोनचा कॅमेरा, मजकूर वाचायला Tesseract, तक्त्यासाठी साधी स्प्रेडशीट. खर्च शून्य. मधे काही आठवडे पैसे मोजून एक स्कॅनिंग ॲपही वापरलं. त्याचे पैसे वाया गेले, ते कसे ते पुढे येईलच. काम असं, की परीक्षकांसाठीची छापील गुणदान योजना फोटोरूपात हातात येते आणि तिच्यातून निकष, गुण आणि वर्णन असा रुब्रिक तक्ता करायचा, म्हणजे एकच प्रश्न तिघांनी तपासला तरी गुण सारखे पडावेत.

आधी फोटो, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. ए-४ कागदाची रुंदी ८.२७ इंच. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची आखूड बाजू ३००० पिक्सेलची असते. कागदाने चौकट भरली तर इंचाला साडेतीनशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, आणि ते भरपूर झाले. पण चॅटवर फिरून आलेला फोटो आकसलेला असतो. त्याची लांब बाजू १६०० पिक्सेल असेल तर ११.७ इंचांवर इंचाला १३७ पिक्सेलच उरतात. बाकीची अक्षरं तेवढ्यातही वाचता येतात, मरतो तो ½, कारण त्यातला १ आणि २ हे नेहमीच्या अंकाच्या जेमतेम निम्म्या उंचीचे असतात. म्हणून फोटो पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं आवर्जून सांगा. फोटो नीट वरून, फ्लॅश बंद करून, कागद सपाट ठेवून काढायचा. पुस्तकासारखी शिवलेली योजना असेल तर शिवणीकडच्या ओळी वाकतात आणि वाचताना एकमेकींत घुसतात. अशा वेळी समोरासमोरच्या दोन पानांचा एक फोटो काढू नये, पानागणिक वेगळा काढावा.

आता ते विकतचं ॲप. त्यातला ‘कृष्णधवल’ फिल्टर पान झकास पांढरंशुभ्र करतो आणि त्या झकासपणात दोन गोष्टी पुसून टाकतो: ½ मधली बारीक तिरकी रेघ आणि परीक्षकांच्या बैठकीत पेन्सिलीने किंवा लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या. दुसरी गोष्ट जास्त घातक. छापील १ खोडून बाजूला ½ लिहिलेला असतो, लाल शाई उडते आणि तुमच्या तक्त्यात रद्द झालेला गुण दिमाखात बसतो. फोटो रंगीत किंवा करड्या छटांतच ठेवा. तो फिल्टर फुकट मिळाला तरी नको.

वाचनासाठीची आज्ञा साधी आहे:

```
tesseract pan1.png pan1 -l mar+eng --psm 6
```

`--psm 6` म्हणजे समोरचा मजकूर एकसंध ठोकळा आहे असं धरून वाचणं. योजनेच्या पानावर डावीकडे उत्तराचे मुद्दे आणि उजवीकडे गुणांचा अरुंद रकाना असतो. आपोआप मांडणी ओळखायला लावली (हीच मूळ सेटिंग) तर कधी कधी आधी सगळे मुद्दे आणि शेवटी सगळे गुण असा ढीग मिळतो. मग कुठला गुण कुठल्या मुद्द्याचा हे शोधत बसा. ठोकळा म्हणून वाचलं की गुण आपापल्या ओळीच्या शेवटी राहतो.

राहतो, पण कुठल्या रूपात? इथून माझं रडगाणं सुरू. ½ च्या जागी कधी %, कधी 4, कधी 1/2, तर कधी काहीच नाही. 1/2 आलं की बरं वाटतं, पण खरा सापळा तोच. स्प्रेडशीटमध्ये चिकटवलं की तिला ती तारीख वाटते. दिवस-महिना असा क्रम असलेल्या सेटिंगमध्ये 1/2 म्हणजे १ फेब्रुवारी. २०२५ साली टाकलेल्या अशा एका अर्ध्या गुणाची आतली किंमत 45689 भरते. बेरीज पंचेचाळीस हजारांच्या पुढे गेली तर निदान चूक दिसते तरी. पण ही भानगड टाळायला अशा पेशी आधीच ‘मजकूर’ प्रकारच्या केल्या, तर `SUM` त्या न कुरकुरता वगळतो आणि बेरीज गुपचूप कमी येते. दीड गुणाचं 11/2 झालं असेल तर ती ११ फेब्रुवारी. पातळ्यांच्या योजनेतल्या गुणांच्या रकान्यातलं ‘3-4’ हेसुद्धा ३ एप्रिल होतं.

पहिले तीन महिने यावर माझा उतारा असा होता: मजकूर आधी साध्या एडिटरमध्ये घ्यायचा आणि ½ व 1/2 दोन्हींच्या जागी `.5` टाकायचं. युक्ती देखणी आहे. ½ चं .5 होतं, 1½ चं 1.5 होतं आणि 11/2 चंसुद्धा 1.5 च होतं. पण उत्तराच्या मजकुरात ‘1/2 तास’ असेल तर तिथेही .5 घुसतं, ‘1 ½’ मध्ये जागा सुटली असेल तर ‘1 .5’ उरतं, आणि जो ½ वाचलाच गेला नाही त्याला ही युक्ती काय करणार? तेव्हा लिहिलं असतं तर तीन तारे दिले असते, तेही जड हाताने.

मत बदललं ते एका प्रश्नाचं गणित मांडल्यावर. प्रकाशसंश्लेषणासाठी प्रकाश लागतो हे दाखवणारा प्रयोग, पाच गुण. योजनेत दहा मुद्दे, प्रत्येकी ½: रोप २४ तास अंधारात ठेवणे, तसं करण्याचं कारण, म्हणजे पानातला स्टार्च संपावा, पानाचा भाग काळ्या कागदाने झाकणे, रोप उन्हात ठेवणे, पान पाण्यात उकळणे, वॉटर बाथवर अल्कोहोलमध्ये उकळणे, आयोडीन टाकणे, उघडा भाग निळा-काळा, झाकलेला भाग निळा-काळा नाही, निष्कर्ष. समजा यातला एक ½ हा 1 असा वाचला गेला आणि दुसरा गळाला. बेरीज बरोबर पाचच! बेरीज जुळली म्हणून तक्ता पुढे गेला, आणि निष्कर्षाला शून्य गुण व आयोडीनला एक. म्हणजे बेरजेच्या जोडीला नोंदींची संख्याही मोजायला हवी. फोटोवर बोट ठेवून मोजलेल्या गुणांच्या नोंदी दहा असतील तर रकान्यातही दहाच हवेत:

```
=SUM(C2:C11)
=COUNT(C2:C11)
```

`COUNT` फक्त संख्या मोजतो, त्यामुळे मजकूर होऊन बसलेला अर्धा गुण इथेच पकडला जातो. तारीख मात्र त्याच्या लेखी संख्याच, ती बेरजेत सापडते. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे.

एवढं मोजायचंच असेल तर गुण वाचून तरी कशाला घ्यायचे? तेव्हापासून फोटो कातरताना गुणांचा रकाना उडवतो, यंत्राला फक्त मुद्दे वाचायला देतो आणि गुण फोटोकडे बघत हाताने 0.5 असे टंकतो. दहा आकड्यांना मिनिटही लागत नाही. मुद्द्यातलं एखादं अक्षर चुकलं तर वाचताना खटकतं, चुकलेला आकडा खटकत नाही. चौथा तारा इथे परत दिला.

एक मुद्दा दोन-तीन ओळींत पसरलेला असतो, त्या ओळी जोडून एक मुद्दा एका ओळीत आणायचा. ही आपली कच्ची यादी, रुब्रिक नव्हे. प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा आणि मग ओळी निकषांत बांधायच्या. वरच्या प्रश्नाचा तक्ता असा झाला:

| निकष | गुण | पूर्ण गुणांचं वर्णन | अंशतः गुण | आधार |
|---|---|---|---|---|
| मांडणी | 2 | अंधारात ठेवणं व त्याचं कारण, काळा कागद, ऊन हे चारही | प्रत्येकी 0.5 | ओळ 1–4 |
| स्टार्चची चाचणी | 1.5 | पाणी, वॉटर बाथवर अल्कोहोल, आयोडीन | दोन टप्पे 1, एक टप्पा 0.5 | ओळ 5–7 |
| निरीक्षण | 1 | उघड्या व झाकलेल्या दोन्ही भागांचा रंग | एकाच भागाचा 0.5; नुसतं ‘रंग बदलला’ 0 | ओळ 8–9; शून्याची अट आपली |
| निष्कर्ष | 0.5 | प्रकाश आवश्यक असल्याचं स्पष्ट विधान | नाही | ओळ 10 |

शेवटचा रकाना उगीच नाही. योजनेत पूर्ण गुणांचं उत्तर असतं, अपुऱ्या उत्तराचं वर्णन बहुधा नसतं. ते आपण लिहितो आणि लिहिता लिहिता ‘नीटनेटकी मांडणी’, ‘योग्य भाषा’ असले पदरचे निकष घुसडतो, ज्यांना योजनेत छदामही गुण नाही. ज्या वर्णनाला ओळ क्रमांक देता येत नाही ते आपलं, आणि तसं तक्त्यात दिसलं पाहिजे. समासातल्या हस्तलिखित टिपा, उदाहरणार्थ ‘मिथिलेटेड स्पिरिट चालेल’, मी त्याच ओळीच्या वर्णनात घेतो. त्या यंत्राच्या भरवशावर सोडायच्या नाहीत.

‘कोणतेही तीन’ ही दुसरी खोड. योजनेत पाच मुद्दे, प्रत्येकी एक गुण आणि वर बारीक अक्षरात ‘कोणतेही तीन’. पाच ओळींचे पाच निकष केले की तीन गुणांचा प्रश्न पाचाचा होतो. तो एकच निकष: कमाल गुण ३, वर्णनात पाचही मुद्दे. ‘किंवा’ने जोडलेल्या पर्यायी उत्तरांचंही तसंच, त्यांचे गुण एकदाच धरायचे.

निबंधासारख्या प्रश्नांना ही पद्धत लावू नका. तिथे योजनेत मुद्दे नसून पातळ्या असतात, त्यांची वर्णनं तयारच मिळतात आणि ती जशीच्या तशी उतरवणं एवढंच काम उरतं.

आणि हो, ज्यांना 0.5 बघवत नाही त्यांनी पेशीला `# ?/?` हा फॉरमॅट द्यावा. दिसताना 1/2 दिसेल, आतली किंमत 0.5 च राहील, बेरीज शाबूत. फक्त तो तक्ता कुणी चॅटमध्ये मजकूर म्हणून टाकला आणि तिथून दुसऱ्याने आपल्या शीटमध्ये चिकटवला, की पुन्हा १ फेब्रुवारी.