मामाने अमेरिकेतून पाठवलेलं गिफ्ट कार्ड: खातं बदलावं, की कार्ड परत द्यावं?

खानापूर असो की निपाणी, गिफ्ट कार्डाच्या रीजनचा घोळ झाला म्हटलं की आपल्या मनात आधी राज्य येतं. मोबाईलच्या दुकानात हमखास कोणीतरी विचारतं, "कोल्हापूरला घेतलेलं कार्ड इकडं चालतंय काय ओ?" चालतं. इथे रीजन म्हणजे देश. कर्नाटक-महाराष्ट्र हा वाद निदान या कार्डाला ठाऊक नाही.

अडतं ते वेगळीकडे. समजा अमेरिकेतल्या मामाने भाच्याला 25 डॉलरचं गूगल प्लेचं कार्ड घेऊन कोडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. भाच्याचं खातं भारतातलं, कार्ड अमेरिकेतलं, म्हणून कोड बरोबर टाकूनही पैसे जमा होत नाहीत. खात्याचा देश प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये Country and profiles या ठिकाणी दिसतो. तो एकदा बघून घ्या.

आता मार्ग दोन. पहिला, खात्याचा देश बदलायचा. त्यासाठी आपण स्वतः त्या देशात असावं लागतं आणि तिथलं बँकेचं कार्ड जोडावं लागतं. शिवाय एकदा बदलला की वर्षभर पुन्हा बदलता येत नाही, आणि खात्यात आधीचे रुपये असतील तर नव्या देशात ते वापरता येत नाहीत. व्हीपीएन लावून हे जमवून देतो म्हणणारा मित्र गल्लोगल्ली भेटेल. मी तरी पंचवीस डॉलरसाठी खातं पणाला लावणार नाही.

दुसरा मार्ग साधा आहे: कोड परत मामालाच द्यायचा. देश जुळत नाही म्हणून नाकारलेला कोड वापरला गेलेला नसतो, त्यामुळे मामा तो स्वतःच्या खात्यात टाकू शकतो आणि भाच्याला तेवढे पैसे किंवा भारतातला कोड देऊ शकतो. फक्त तोवर फोटो घरच्या ग्रुपवर फिरू देऊ नका. कोड ज्याने आधी टाकला, पैसे त्याचे.

अ‍ॅपलचंही असंच. तिथे देश बदलण्याआधी शिल्लक संपवावी लागते आणि चालू सबस्क्रिप्शन बंद करावी लागतात, म्हणजे त्रास थोडा जास्तच.

मुलगा कॉम्प्युटरवर खेळणारा असेल तर स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान मला सगळ्यात सोयीचं वाटतं. तिथे मामा डिजिटल गिफ्ट कार्ड थेट भाच्याच्या खात्यावर पाठवतो आणि डॉलरचे रुपये आपोआप होतात. अट एवढीच की दोघं स्टीमवर किमान तीन दिवस मित्र असले पाहिजेत. वाढदिवसाच्या सकाळी फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली, तर भेट त्या दिवशी पोचत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. गूगलवर We need more info to redeem your gift card असं आलं, तर लगेच देशाला दोष देऊ नका. तिथे कार्ड कुठून घेतलं याची खातरजमा चाललेली असते. खरेदीची पावती मामाकडून मागवून ठेवा, आणि त्याला सांगा, कार्ड खरवडलं म्हणून लगेच फेकू नको.