‘पुन्हा कडक गरम केलं होतं’ : केटररच्या उत्तरातच सापडलेली कबुली

केटररने फसवलं म्हटलं की लोकांना वाटतं पदार्थ कमी आले असतील किंवा ताटं जास्त मोजली असतील. आमच्याकडे पदार्थ सगळे आले आणि पुरलेसुद्धा. आम्हाला गंडवलं ते वेळेत. बहिणीच्या लग्नाच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की जेवण कार्यालयाच्या स्वयंपाकघरातच शिजेल आणि शिजल्यापासून दोन तासांत वाढलं जाईल. त्यासाठी बिलात वेगळी रक्कमही धरली होती. ती आम्ही भरली. असा करार करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून पुढचं सगळं लिहितोय.

शंका आली ती भातामुळे. वाढप्याने डाव घातला तर भात मोकळा न येता गोळाच्या गोळा निघाला, आणि त्याच्या एका बाजूला पातेल्याच्या कडेची गोलाई तशीच उमटलेली होती. कडेचा भात हाताला चटका देणारा आणि आतला गार. झाकणाखाली साचलेल्या पाण्याने वरचा थर पिचपिचीत झाला होता. ताज्या भाताची वाफ सगळीकडून सारखी येते, हा तर फक्त खालून तापलेला दिसत होता. रश्श्यावरही जाड पापुद्रा धरला होता आणि ढवळला की त्याचे तुकडे तरंगत. मामेभावाने मोबाईलवर त्या भांड्यांचे फोटो काढले. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते, तिचा पुढे फार उपयोग झाला.

संध्याकाळी फोन यायला लागले. कुणी घरी पोचता पोचता, कुणी वाटेत, उलट्यांनी हैराण. काही तासांतच हे सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळे ठीक होते. मी प्रत्येकाला एवढंच विचारलं : काय काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास कधी सुरू झाला. उलट्या झालेल्या प्रत्येकाने भात घेतला होता. ज्यांनी भात टाळला, त्यांच्यापैकी कुणालाच काही झालं नव्हतं.

यामागचं कारण ठाऊक असलेलं बरं. कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि शिजवूनही ते मरत नाहीत. भात गरमच ठेवला किंवा पटकन गार करून फ्रीजमध्ये ठेवला तर ते गप्प राहतात. पण मोठ्या पातेल्यात झाकून तासन् तास कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि त्यातले काही एक विष तयार करतात. हे विष उकळूनही नष्ट होत नाही. त्यामुळे नंतर कितीही गरम केलं तरी उपयोग शून्य. खाल्ल्यापासून साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि बहुधा दिवसभरात थांबतात. म्हणूनच आजारी माणसाने काय खाल्लं याइतकंच त्रास किती तासांनी सुरू झाला हेही लिहून ठेवावं.

काकांनी रागाच्या भरात पहिलं पत्र लिहिलं होतं : ‘शिळं, घाणेरडं अन्न खायला घातलंत, पाहुण्यांना विषबाधा झाली.’ ते मी पाठवू दिलं नाही. चव कशी होती यावर केटरर वाद घालू शकतो, आणि विषबाधा हा शब्द सिद्ध करायला उरलेल्या अन्नाची तपासणी लागते. आमच्याकडे उरलेलं काही नव्हतं, सगळं त्याच दुपारी फेकलं गेलं होतं. मग मी जे दिसलं तेवढंच लिहिलं आणि शेवटी प्रश्न विचारले. पत्राचा मुख्य भाग असा होता :

‘आपल्या करारानुसार जेवण कार्यस्थळी शिजवून दोन तासांत वाढायचे होते. जेवण सुरू होताच काढलेल्या फोटोंत भात घट्ट गोळ्यांच्या स्वरूपात व पातेल्याच्या आकारात दिसतो, तसेच रश्श्यावर पापुद्रा दिसतो. फोटो व त्यांच्या वेळा सोबत जोडल्या आहेत. भात खाल्लेल्या काही पाहुण्यांना त्यानंतर काही तासांत उलट्या झाल्या. कोणी काय खाल्ले व त्रास केव्हा सुरू झाला याची यादी जोडली आहे. कृपया लेखी कळवावे : भात कोठे व किती वाजता शिजला? तो वाढेपर्यंत कशात ठेवला होता व त्याचे तापमान कोणी, केव्हा मोजले? प्रत्येक पदार्थाचा नमुना आपण राखून ठेवला आहे काय?’

हे तीन प्रश्न मुद्दाम निवडले होते. शिजलेलं गरम अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं, हा या धंद्यातला मूलभूत नियम आहे. नीट काम करणारा केटरर सुई असलेला थर्मामीटर पदार्थाच्या मध्यभागी खुपसून तापमान वहीत लिहितो आणि प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना काही दिवस फ्रीजमध्ये ठेवतो. ही वही असती तर तीच त्याच्या बाजूने बोलली असती. बुफेच्या भांड्यांखाली जी छोटी ज्योत असते, ती गरम पदार्थ गरम ठेवण्यापुरतीच. गार झालेला भात तिच्यावर मधोमध तापत नाही. आमच्या भाताची कड गरम आणि पोट गार का होतं, याचा उलगडा इथेच होतो.

आधी तोंडी उत्तरं आली, तीही ठरलेली : एवढे लोक जेवले, थोड्यांनाच कसा त्रास झाला? त्यांनी बाहेर काही खाल्लं असेल. हवा गरम होती. मी प्रत्येक वेळी एवढंच म्हणालो की हे लेखी द्या. शेवटी लेखी उत्तर आलं, आणि त्यात स्वतःच्या बचावासाठी त्यांनी लिहिलं होतं : ‘आमच्या मुख्य स्वयंपाकघरातून आलेले सर्व पदार्थ वाढण्यापूर्वी पुन्हा कडक गरम केले होते, त्यामुळे ते खराब असण्याचा प्रश्नच येत नाही.’

म्हणजे कार्यालयात काही शिजलंच नव्हतं! मागच्या अंगणात पेटलेल्या चुली आम्ही येता-जाता पाहिल्या होत्या, त्या फक्त गरम करायला होत्या. भात पहाटे दुसरीकडे शिजला होता, हे नंतर त्यांच्याच माणसाने फोनवर सांगून टाकलं. थर्मामीटरची वही नव्हती, नमुनेही नव्हते. गार करायची धड व्यवस्था नसताना पहाटेचा भात दुपारी वाढायचा आणि वर जागेवर शिजवण्याचे पैसे घ्यायचे, याला मी निष्काळजीपणा म्हणायला तयार नाही.

दुसऱ्या पत्रात मी त्यांचंच वाक्य उतरवलं, शेजारी करारातलं कलम ठेवलं आणि जागेवर शिजवण्याची पूर्ण रक्कम व भाताचे पैसे परत मागितले. पत्राची प्रत अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे पाठवतोय, हेही लिहिलं आणि खरोखर पाठवली. उलट्या भातामुळेच झाल्या असा दावा दुसऱ्या पत्रातही केला नाही, कारण नमुन्याशिवाय तो टिकला नसता. करार मोडल्याचा पुरावा मात्र त्यांच्याच सहीचा होता.

जागेवर शिजवण्याची रक्कम परत मिळाली. भाताच्या पैशांवर त्यांनी घासाघीस केली आणि अर्धेच दिले. पावतीबरोबर एक कागद सहीसाठी आला. त्यात ‘अन्नाच्या दर्जाबाबत कोणतीही तक्रार उरलेली नाही व कोणत्याही पाहुण्याकडून केली जाणार नाही’ असं टाईप केलेलं होतं. पाहुण्यांच्या वतीने सही करायचा मला अधिकारच नाही. ते वाक्य खोडून, शेजारी ‘फक्त रक्कम मिळाली’ असं लिहून मी सही केली आणि कागदाचा फोटो काढून ठेवला.