बिलात पाच मीटर डक्ट, छतावर जेमतेम एक मीटर

आमच्या बाथरूमला खिडकी नाही, त्यामुळे दमट हवा बाहेर काढण्याचे सगळे काम एक्झॉस्ट फॅनवरच आहे. ठेकेदाराने फॅन, पाच मीटर कडक पीव्हीसी डक्ट, दोन बेंड आणि बाहेरच्या भिंतीवरची झडप असे सारे बिलात लावले आणि फॉल्स सीलिंग बंद करून पैसे घेतले. पुढे अंघोळीनंतर आरसा बराच वेळ धुरकट राहू लागला आणि फॅनभोवतीच्या जिप्समवर पिवळे डाग पडले. तक्रार केल्यावर त्याने फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर चिकटवून दाखवला आणि "फॅन ओढतोय, बघा," असे म्हणून तो निघून गेला.

कागद चिकटला म्हणजे फॅन हवा ओढतो एवढेच सिद्ध होते. ती हवा कुठे जाते हे त्यातून कळत नाही. फॅन चालू ठेवून मी बाहेरून पाहिले, तर झडपेची पाती जराही उचलली जात नव्हती. जिप्समचा तुकडा कापल्यावर जेमतेम एक मीटर लवचिक पाइप दिसला. त्याचे तोंड पोकळीतच उघडे होते आणि सगळी वाफ तिथेच सोडली जात होती.

डक्ट का टाळला असावा, याचे कारण फॅनमध्येच होते असे माझे मत आहे. बाथरूम १.५ × २.१ × २.४ मीटर, म्हणजे सुमारे साडेसात घनमीटर. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर ६० घनमीटर प्रवाह लागतो. खोक्यावर ९५ लिहिले होते, पण तो आकडा डक्ट न जोडता मोजलेला असतो. पाच मीटर डक्ट, दोन बेंड आणि झडप यांचा अडथळा आला की असल्या साध्या पात्यांच्या फॅनचा प्रवाह अनेकदा निम्म्यावर येतो, म्हणजे डक्ट पूर्ण टाकला असता तर फॅनची कमजोरी लगेच उघड झाली असती.

नंतर दुसऱ्या कारागिराकडून दाब सहन करणारा सेंट्रिफ्यूगल फॅन बसवून घेतला आणि तो घेताना ३० पास्कल दाबावरचा प्रवाह पाहिला. जागा दारापासून दूर, शॉवरच्या बाजूला निवडली आणि दाराखाली सुमारे दोन सेंटिमीटर फट ठेवली, कारण आत हवा आली नाही तर फॅनला बाहेर टाकायला हवा मिळत नाही. १०० मिलिमीटरचा डक्ट बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवला, म्हणजे आत साचलेले पाणी फॅनवर परत येत नाही. झडपेची बिजागरी वरच आहे ना, तेही तपासले, कारण उलटी बसवलेली झडप वजनाने मिटत नाही आणि वाऱ्यासोबत बाहेरची हवा आत येते. सीलिंग बंद करण्याआधी फॅन सुरू करून मी बाहेर उभा राहिलो, पाती उचललेली आणि फॅन थांबल्यावर पुरती मिटलेली पाहिली आणि मगच पैसे दिले.