रिमोटचं माइकचं बटण चालेना, आणि खात्यातून ४३,४९९ रुपये गेले

आधी २४,९९९ गेले, चार मिनिटांनी १८,५००. एकूण ४३,४९९ रुपये. आणि सुरुवात कशावरून, तर टीव्हीच्या रिमोटवरच्या माइकच्या बटणावरून. लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिते, कारण आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी एकीने तशाच नंबरवर फोन लावला होता हे मला नंतर कळलं.

आईला मोतीबिंदू आहे. पडद्यावरची अक्षरं एकेक शोधून टाइप करणं तिला जमत नाही. बटण दाबून "ज्ञानेश्वरी प्रवचन" म्हणायचं आणि लागेल ते ऐकायचं, ही तिची दुपार. रिमोटचे सेल संपले म्हणून मी नवीन घातले आणि त्या दिवसापासून माइकचं बटण दाबलं तरी काहीच होईना. आवाज कमी-जास्त होत होता, टीव्ही चालू-बंद होत होता, म्हणजे रिमोट बिघडलेला नाही अशी माझी समजूत झाली. तीन दिवस आई विचारत होती. चौथ्या दिवशी मी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत टीव्ही कंपनीचं नाव आणि "कस्टमर केअर" असं फोनवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेला मोबाइल नंबर लावला. दहा आकडी मोबाइल नंबर. तिथेच थांबायला हवं होतं. कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावर छापलेला असतो, आणि ते कार्ड माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये होतं.

पलीकडचा माणूस शांत, अदबीनं बोलणारा. "मॅडम, रिमोटची मायक्रोफोन परमिशन आमच्या सर्व्हरवरून बंद झालीय, रजिस्ट्रेशन करून परत चालू करावी लागेल, पाच रुपये चार्ज." मायक्रोफोन परमिशन हा शब्द मीही वाचलेला होता, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल, पाठवली. नावात "सपोर्ट" होतं. फोनने ती फाइल धोक्याची असू शकते असं सांगितलं, त्याने "हे सगळ्यांनाच येतं" म्हटलं आणि मी पुढे गेले.

आता जो क्षण रोज रात्री डोळ्यासमोर येतो तो सांगते. अ‍ॅप उघडलं आणि त्याने माइकची परवानगी मागितलीच नाही. मागितली ती एसएमएस वाचायची आणि पाठवायची. बिघाड टीव्हीच्या माइकचा, अ‍ॅप माझ्या मोबाइलवर, आणि परवानगी मेसेजची. या तिन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मी स्वतः "अलाउ" दाबलं. मग पाच रुपयांसाठी कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही त्या फॉर्ममध्ये भरला. "पेमेंट फेल" आलं. पाच रुपये कापलेच गेले नाहीत, म्हणून मी निर्धास्त झाले.

मी दिवसभर अकाउंट्सचं काम करते. ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे मला पक्कं माहीत आहे आणि तो मी सांगितलाही नाही. त्यांना विचारायची गरजच नव्हती. माझे मेसेज ते अ‍ॅप तिकडे पाठवत होतं. एसएमएसची परवानगी म्हणजे ओटीपी देऊन टाकणंच, हे जिथे कुणी सांगेल तिथे ऐका.

पैसे गेल्याचा मेसेज दिसताच मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, १९३०, लावला. लागायला वीस मिनिटं गेली. बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड बंद करायला भाषा निवडा, एक दाबा, चार दाबा, आणि मग गाणं. कार्ड बंद झालं, पण उत्तर ठरलेलं: "ओटीपी बरोबर टाकला गेलाय, म्हणजे व्यवहार तुमचाच." मी लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख केला. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा बाहेरच्या फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, असं त्यात आहे. त्यावर बँकेने माझा निष्काळजीपणा म्हणून हात वर केले, कारण कार्डाचे आकडे मी भरले. ते खरं आहे. पण चार मिनिटांत दोन मोठे व्यवहार होताना त्यांच्या यंत्रणेला काहीच खटकलं नाही, यावर एका ओळीचंही उत्तर नाही.

पोलीस ठाण्यात तर हद्दीचा घोळ. खातं गावाकडच्या शाखेतलं, म्हणून "तिकडे जा." तिथून "सायबरला जा." सायबरला "आधी सायबर तक्रारींच्या पोर्टलवर नोंदवा." नोंदवलेलंच होतं, पावती क्रमांक दाखवला. हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, १ जुलै २०२४ पासून, ते स्पष्ट आहे. मी तो कागद छापून नेला तेव्हा कुठे तिसऱ्या खेपेला तक्रार घेतली. तीन अर्ध्या रजा गेल्या. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, घाबरून अ‍ॅप काढून टाकू नका. मी काढलं आणि तेवढा पुरावा गेला. आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा.

आणि रिमोटला झालं काय होतं? काहीच नाही. शेजारच्या मुलाने दहा मिनिटांत दाखवलं. माइकचा आवाज रिमोटमधून टीव्हीपर्यंत ब्लूटूथने जातो. टीव्ही चालू-बंद करणं आणि आवाज कमी-जास्त करणं ही बटणं इन्फ्रारेडवरही, म्हणजे रिमोट टीव्हीकडे धरला की जाणाऱ्या किरणांवरही, चालतात, म्हणून जोडणी तुटली तरी रिमोट ठीक वाटतो. त्याने रिमोटचं तोंड भिंतीकडे करून बाणाचं बटण दाबलं. पडद्यावर काहीच हललं नाही. टीव्हीकडे धरल्यावर हललं. म्हणजे ब्लूटूथ तुटलेलं.

मग सेटिंग्जमध्ये Remotes & Accessories, तिथे Pair accessory, आणि आमच्या रिमोटवर होम आणि बॅक ही दोन बटणं दिवा लुकलुकेपर्यंत एकत्र दाबून धरायची. दुसऱ्या कंपनीत बटणांची जोडी वेगळी असते, ती पुस्तिकेत बघा. यादीत रिमोटचं नाव आलं, निवडलं, झालं.

परवानगीची गडबड वेगळी दिसते. बटण दाबल्यावर ऐकण्याची खूण पडद्यावर येते, पण बोललेलं काही उमटत नाही. तेव्हा टीव्हीच्याच सेटिंग्जमध्ये Apps मध्ये Google निवडून Permissions मध्ये Microphone चालू आहे का बघायचं. काही टीव्हींवर Privacy मध्ये माइकचं एक मुख्य बटण असतं, ते बंद असेल तर अ‍ॅपची परवानगी असूनही आवाज जात नाही. हे सगळं टीव्हीत आहे. कुठल्याही सर्व्हरवर नाही, मोबाइलवर नाही, आणि त्याला पाच रुपये लागत नाहीत. आणि रस्त्यावरचा स्वस्त रिमोट घेतला असेल तर त्यावर माइकचं बटण असलं तरी आत माइक असेलच असं नाही. त्याला कोणी दुरुस्त करू शकत नाही.

आई परवा बटण दाबून बोलली आणि प्रवचन लागलं. तिला पैशाचं अजून सांगितलेलं नाही. पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे Under Process एवढंच दिसतं. सोमवारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करते आहे.